प्रकल्प नोंदी: पाळ्यांच्या तासांच्या शीटमधले #####

३ मार्च २०२५

पाळ्यांच्या तासांची एक्सेल शीट आजपासून माझ्याकडे आली. रचना साधी आहे. A मध्ये तारीख, B मध्ये आत आल्याची वेळ, C मध्ये बाहेर पडल्याची वेळ, D मध्ये एकूण तास, E मध्ये ठरलेले तास, F मध्ये दोन्हींतला फरक आणि G मध्ये पाळी: सकाळ, दुपार किंवा रात्र. तक्रार अशी की D आणि F या कॉलममध्ये बऱ्याच ओळींत आकड्याऐवजी नुसते `########` दिसतात, आणि महिनाअखेरीला लेखा विभाग ती शीट परत पाठवतो.

पाळीप्रमुख मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, कॉलम रुंद करून बघितला. हॅश जात नाहीत, उलट आणखी वाढतात."

हे वाक्य मी तसंच उतरवून ठेवलं, कारण निम्मं निदान त्यातच आहे. रुंदी कमी पडल्यामुळे आलेले हॅश कॉलम रुंद केला की जातात. दोन कॉलमच्या मधल्या रेषेवर डबल क्लिक केलं की एक्सेल मजकुराला पुरेल एवढी रुंदी स्वतःच करून देतं. कॉलम रुंद झाला आणि हॅशची रांगही त्याच्याबरोबर लांबली, तर दोष रुंदीत नसतो, आतल्या किमतीत असतो.

४ मार्च

फाइलची प्रत काढली आणि हॅश असलेली एक ओळ घेऊन बसलो. D7 मध्ये `=C7-B7` आहे. B7 मध्ये 22:00 आणि C7 मध्ये 06:00.

सेलवर कर्सर नेला की एक्सेल छोट्या चौकटीत स्वतःच सांगतं की ऋण किंवा फार मोठ्या तारखा आणि वेळा अशा दिसतात. पण ही चौकट फारसं कोणी वाचत नाही, आणि कागदावर छापलेल्या शीटवर तर ती नसतेच. मला त्यापेक्षा खात्रीची वाटते ती दुसरी पद्धत: सेल निवडून Ctrl+Shift+~ दाबायचं. फॉरमॅट General होतो आणि आतली किंमत उघडी पडते. D7 मध्ये `-0.66667` निघालं.

हा आकडा कुठून आला हे कागदावर मांडून पाहिलं, म्हणजे उद्या मॅडमना समजावता येईल. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे दिवसांची मोजणी असते. १ जानेवारी १९०० हा दिवस १, आणि तिथून पुढे एकेक. वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक. सकाळचे सहा म्हणजे पाव दिवस, 0.25. रात्रीचे दहा म्हणजे 22 भागिले 24, 0.91667. सहातून दहा वजा केले की उणे 0.66667 दिवस, म्हणजे उणे सोळा तास. एक्सेलच्या हिशेबी माणूस कामावर येण्याच्या सोळा तास आधीच घरी गेला! मधली मध्यरात्र त्याला कोणी सांगितलेलीच नाही.

उणे किंमत साध्या संख्येच्या फॉरमॅटमध्ये बिनतक्रार दिसते. तारखेच्या किंवा वेळेच्या फॉरमॅटमध्ये मात्र दिसू शकत नाही, कारण या मोजणीत शून्याच्या अलीकडे कॅलेंडरच नाही. दाखवण्याजोगं काहीच नाही म्हणून सगळा सेल हॅशने भरून निघतो.

आधीच्या कोणीतरी काही ओळींत `=IFERROR(C7-B7,"")` करून पाहिलेलं दिसलं. त्याने हॅश जाणार नाहीत, कारण ही एरर नव्हेच. `#VALUE!` किंवा `#N/A` या सेलच्या आतल्या किमती असतात आणि IFERROR त्या पकडतं. हॅशची रांग ही फक्त वरची दर्शनी बाजू आहे. आत उणे का होईना, पण खरीखुरी संख्या आहे. `=ISNUMBER(D7)` विचारलं तर TRUE येतं. बेरीज करायला गेलं तर ती उणे सोळा तासांसकट होते, आणि मला काळजी आहे ती याच गोष्टीची. महिन्याच्या एकूण तासांत प्रत्येक रात्रपाळी आठ तास मिळवण्याऐवजी सोळा तास वजा करते. म्हणजे एका पाळीमागे चोवीस तासांची तूट! लेखा विभाग हॅशवरून शीट परत पाठवत होता ते बरंच झालं.

६ मार्च

या दुखण्यावर सगळीकडे सुचवला जातो तो उपाय MOD चा:

```
=MOD(C7-B7,1)
```

उणे 0.66667 ला एकाने भागून उरलेली बाकी 0.33333, म्हणजे आठ तास. उत्तर बरोबर. प्रतीवर सगळ्या ओळींना हा फॉर्म्युला लावला आणि D मधले हॅश एका झटक्यात गेले. सहकारी म्हणाला, "झालं की मग, पाठवून दे."

मी थांबवलं. कारण हॅश असलेल्या सगळ्याच ओळी रात्रपाळीच्या नव्हत्या. G कॉलमला फिल्टर लावून पाहिलं तर सकाळच्या पाळीतही काही सापडल्या. त्यांतली एक: आत 17:00, बाहेर 09:00. नोंद करणाऱ्याने दोन वेळा उलट लिहिल्या आहेत. खरे तास आठ. जुना फॉर्म्युला तिथे हॅश दाखवत होता, म्हणजे निदान ओरडून तरी सांगत होता. MOD तिथे 16:00 दाखवतो. नीटनेटका, पटण्याजोगा आणि चुकीचा आकडा. दुप्पट तासांचे पैसे निघाले असते आणि शीटकडे पाहून कोणाला शंकाही आली नसती.

MOD चं म्हणणं एवढंच की उत्तर उणे आलं तर मध्ये एक मध्यरात्र गेली असं धरा. रात्रपाळीला ते खरं आहे, इतरांना नाही. कोणत्या ओळीत मध्यरात्र धरायची हे ठरवायला आपल्याकडे पाळीचा कॉलम आहे, मग त्यालाच विचारू:

```
=C7-B7+IF(G7="रात्र",1,0)
```

आता रात्रपाळीची ओळ आठ तास देते, आणि सकाळ-दुपारच्या पाळीत वेळा उलट पडल्या असतील तर हॅश तसेच राहतात. मला ते तसेच हवेत. प्रत्येक हॅश घालवणं हे या कामाचं उद्दिष्ट नाही. जो राहिला तो खऱ्या चुकीवरच राहिला पाहिजे.

D चा फॉरमॅट `[h]:mm` केला. चौकटी कंसाशिवाय `h:mm` ठेवलं तर चोवीसच्या पुढची बेरीज पुन्हा शून्यापासून मोजल्यासारखी दिसते. त्याने हॅश येत नाहीत, पण आकडा फसवा दिसतो.

उरलेल्या चुकीच्या ओळी शोधायला शीटच्या वरच्या कोपऱ्यात एक सेल ठेवला:

```
=COUNTIF(D2:D400,"<0")
```

हा शून्य झाल्याशिवाय शीट पुढे पाठवायची नाही, असं मॅडमशी बोलून ठरवलं.

७ मार्च

मॅडमनी लगेच एक ओळ काढून दाखवली जिथे माझा फॉर्म्युला अडतो. रात्रपाळीचा माणूस उशिरा, म्हणजे मध्यरात्र उलटून गेल्यावर 00:30 ला आला आणि 06:00 ला गेला. पाळी रात्र असल्यामुळे एक दिवस मिळवला गेला आणि उत्तर आलं साडेएकोणतीस तास. इथे MOD बरोबर उत्तर देतो, साडेपाच.

दोन्ही फॉर्म्युल्यांचं मूळ दुखणं एकच आहे. वेळेसोबत तारीख नाही, म्हणून फॉर्म्युल्याला अंदाज बांधावा लागतो. मार्चच्या शीटपासून B आणि C मध्ये पूर्ण तारीख-वेळ भरायची: `14-02-2025 22:00` आणि `15-02-2025 06:00`. आत 45702.91667 आणि 45703.25 असे आकडे बसतात. वजाबाकी सरळ 0.33333 येते. पाळी कोणती हे विचारायची गरज उरत नाही, आणि उणे उत्तर आलं तर ती निश्चितपणे चुकीची नोंद असते.

फेब्रुवारीच्या जुन्या डेटासाठी कालचाच फॉर्म्युला ठेवतो. त्याला जोडून सोळा तासांपेक्षा जास्त निघालेल्या ओळींना रंग देणारी अट लावली. त्या हाताने तपासू.

नवीन B आणि C मध्ये तारीख-वेळ टाकताच तिथेही हॅश आले. हे मात्र निव्वळ रुंदीचे. `14-02-2025 22:00` ही सोळा अक्षरं झाली, आणि एक्सेलच्या कॉलमची मूळ रुंदी साधारण आठ अंकांएवढी असते. मजकूर असता तर शेजारच्या रिकाम्या सेलवर पसरला असता, किंवा शेजार भरलेला असता तर कापून दिसला असता. संख्येला आणि तारखेला एक्सेल तसं करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. 125000 मधले शेवटचे दोन अंक कापून 1250 दिसले असते तर वाचणाऱ्याला कळलंही नसतं की आकडा अपुरा आहे. अर्धवट आकडा दाखवण्यापेक्षा आकडाच न दाखवणं बरं. इथे डबल क्लिक केलं आणि विषय संपला.

११ मार्च

आता F, म्हणजे फरकाचा कॉलम. इथला प्रश्न वेगळा आहे. माणूस साडेसात तास थांबला आणि ठरलेले आठ असतील, तर उत्तर उणे अर्धा तास हेच खरं आहे. नोंदीत चूक नाही, फॉर्म्युल्यात चूक नाही. तरीही `=D2-E2` हॅशच दाखवतं, कारण उणे वेळ दाखवायला जागाच नाही.

सहकाऱ्याने १९०४ ची तारीख-पद्धत सुचवली. File, Options, Advanced मध्ये Use 1904 date system अशी खूण आहे. ही मोजणी पूर्वीच्या मॅकिंटॉशवरच्या एक्सेलमधून आलेली आहे. ती लावली की उणे वेळ खरंच `-0:30` अशी दिसते. प्रतीवर लावून पाहिली. F मधले हॅश गेले, आणि त्याच क्षणी A मधली 14-02-2025 ही तारीख 15-02-2029 झाली.

कारण सरळ आहे. सेलमध्ये साठवलेला आकडा 45702 हा बदललेलाच नाही, फक्त मोजणी जिथून सुरू होते तो दिवस पुढे सरकला. दोन पद्धतींत १४६२ दिवसांचं अंतर आहे, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस. ही खूण त्या एका फाइलपुरती असते. या शीटमधून तारखा कॉपी करून लेखा विभागाच्या १९०० वाल्या फाइलमध्ये चिकटवल्या की तिथे त्या चार वर्षं मागे जाणार. नवीन, एकटी, कोणाशी देवाणघेवाण नसलेली फाइल असती तर मी ही पद्धत वापरली असती. इथे नाही. खूण काढून टाकली आणि तारखा जागेवर आल्याची खात्री केली.

मग फरक वेळेत ठेवायचाच नाही, तासांच्या साध्या संख्येत ठेवायचा असं ठरवलं:

```
=ROUND((D2-E2)*1440,0)/60
```

दिवसाचे 1440 मिनिटांत रूपांतर, ते पूर्ण मिनिटांवर आणलं, आणि साठाने भागून तास. फॉरमॅट `0.00`. उणे अर्धा तास आता `-0.50` दिसतो, आणि बेरीज कुठल्याही संख्येसारखी होते.

मध्येच ROUND कशाला, असं सहकाऱ्याने विचारलं. वीस मिनिटं म्हणजे दिवसाचा एक भागिले बहात्तर. हा अपूर्णांक संगणकाच्या द्विमान मोजणीत नेमका बसत नाही, शेवटच्या टोकाला कणभर फरक राहतो. अशा बऱ्याच वेळा मिळवून-वजा करून उत्तर शून्य यायला हवं असताना शून्याहून कणभर कमी येऊ शकतं. वेळेच्या फॉरमॅटला तेवढा कणही पुरतो. तास आठच्या आठ दिसतात, फरक शून्य हवा, आणि सेलमध्ये हॅश! असे हॅश शोधताना माणूस अक्षरशः चक्रावतो, कारण डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. पूर्ण मिनिटांवर आणलं की तो प्रश्नच मिटतो.

१२ मार्च

अपेक्षित अडचण आली. एका पाळीतल्या लोकांनी `-0.50` हे पन्नास मिनिटं असं वाचलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तास-मिनिटं वाचायची सवय असलेल्या माणसाला दशांशातले तास नेहमीच फसवतात. म्हणून छपाईसाठी H कॉलम वेगळा केला:

```
=IF(F2<0,"-","")&TEXT(ABS(F2)/24,"[h]:mm")
```

हा `-0:30` दाखवतो. यात ABS आवश्यक आहे. उणे किंमत तशीच TEXT ला दिली तर हॅशसुद्धा येत नाहीत, थेट `#VALUE!` येतं. H मधली किंमत आता मजकूर आहे, तिची बेरीज होत नाही. बेरीज नेहमी F ची करायची. चुकून कोणी H वर SUM लावू नये म्हणून शीर्षकातच "फक्त वाचण्यासाठी" असं लिहिलं.

१७ मार्च

हजेरीच्या यंत्रातून निघालेली फाइल पहिल्यांदाच थेट शीटमध्ये आणली. A कॉलम तारखेच्या फॉरमॅटमध्ये होता आणि वरपासून खालपर्यंत हॅश. रुंद केला, हॅश वाढले. इथे वजाबाकी नाही, तेव्हा उणे असण्याचं कारण नाही. General करून पाहिलं: `20250214`.

यंत्र तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सलग लिहून देतं. माणूस ती १४ फेब्रुवारी अशी वाचतो. एक्सेल मात्र ती दोन कोटींहून जास्त दिवसांची मोजणी समजतं. एक्सेलचं कॅलेंडर ३१ डिसेंबर ९९९९ ला संपतं, आणि तो दिवस आहे 2958465 क्रमांकाचा. त्याच्या पुढच्या आकड्याला तारीख नाही, म्हणून पुन्हा तीच रांग. म्हणजे ऋण किंमत हे एक टोक झालं, आणि हे दुसरं.

मोडून जोडलं:

```
=DATE(LEFT(A2,4),MID(A2,5,2),RIGHT(A2,2))
```

एकदाच आणायची फाइल असेल तर फॉर्म्युल्याशिवायही जमतं: कॉलम निवडून Data मधलं Text to Columns, आणि शेवटच्या पायरीवर Date मध्ये YMD निवडायचं. आपल्याला हे दर आठवड्याला करायचं आहे म्हणून फॉर्म्युला ठेवला.

याच यंत्राच्या दुसऱ्या फाइलमध्ये दहा अंकी आकडे आहेत, 17395... असे सुरू होणारे. ते १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद आहेत. तेही तारखेच्या फॉरमॅटमध्ये हॅशच देतात. `=A2/86400+DATE(1970,1,1)` ने सुटतात, फक्त ती वेळ जागतिक प्रमाणवेळेतली असते. स्थानिक वेळेचा फरक त्यात मिळवावा लागतो, नाहीतर रात्रपाळीची तारीखच बदलते. ती फाइल सध्या वापरत नाही.

१९ मार्च

रोजचा सारांश ईमेलने पाठवणारा जुना मॅक्रो आहे. आजच्या ईमेलमध्ये तासांच्या जागी `####` गेले. शीट उघडून पाहिली तर D मध्ये आकडे बरोबर, फक्त कोणीतरी छपाईला जागा करायला कॉलम अरुंद केला होता. मॅक्रो सेलमधून `.Text` उचलत होता. `.Text` म्हणजे पडद्यावर जे दिसतं ते, हॅशसकट.

```
Debug.Print Range("D7").Text
Debug.Print Range("D7").Value2
```

पहिली ओळ `####` देते, दुसरी 0.333333333333333. मॅक्रोमध्ये `.Value2` घेतलं आणि `Format` ने हवी तशी वेळ बनवली. आता कॉलम कितीही अरुंद असला तरी ईमेलवर परिणाम नाही.

२१ मार्च

लेखा विभागातून फोन आला: "तुमच्याकडे दिसतं म्हणता, पण आमच्या छापील प्रतीत तारखांच्या जागी हॅश आहेत." आमच्या पडद्यावर आणि त्यांच्याही पडद्यावर तारखा नीट दिसत होत्या. A ची रुंदी डबल क्लिकने अगदी घट्ट बसवलेली होती. ती रुंदी पडद्यावरच्या अक्षरांना पुरते. छापताना अक्षरं थोडी वेगळ्या मापाने बसतात, आणि शेवटच्या अंकाला जागा कमी पडली की पूर्ण तारीख जाते. झूम बदलला तरी हे होतं, आणि फाइलमधला फॉन्ट समोरच्या संगणकावर नसला तरी होतं.

A, B आणि C ची रुंदी घट्ट मापापेक्षा दोन अंकांनी वाढवली. एका पानात बसेना म्हणून तारखेचा फॉरमॅट `dd-mm-yy` केला. B आणि C ला Format Cells मधलं Shrink to fit लावलं. त्याने अक्षर बारीक होतं, पण हॅश येत नाहीत. D ला ते मुद्दाम लावलं नाही. तिथले उणे हॅश Shrink to fit ने जातही नाहीत, पण सगळ्या शीटला एकच उपाय लावायची सवय मला नको आहे.

छापण्याआधी प्रिंट प्रिव्ह्यू बघायचा, हे मॅडमच्या यादीत घातलं.

२४ मार्च

फेब्रुवारीची शीट पूर्ण. COUNTIF वाला सेल शून्यावर आला. उलट लिहिलेल्या वेळा मूळ वहीवरून दुरुस्त केल्या, सोळा तासांच्या वरच्या ओळी मॅडमनी स्वतः तपासल्या. त्यांतल्या काही खरोखरच दोन पाळ्या सलग केलेल्यांच्या निघाल्या. त्या तशाच ठेवल्या, शेजारी शेरा लिहून.

मार्चसाठी B आणि C ला डेटा व्हॅलिडेशन लावायचं बाकी आहे: बाहेरची तारीख-वेळ आतल्यापेक्षा नंतरची नसेल तर नोंदच स्वीकारायची नाही. कॉपी करून चिकटवलेल्या किमतींना व्हॅलिडेशन अडवत नाही, म्हणून COUNTIF चा सेल त्यानंतरही तिथेच ठेवायचा.